वीस ग्रॅम, चाळीस ग्रॅम आणि रुपयाची मर्यादा

(१)
१ एप्रिल २०१६ रोजी भारतात नवे बॅगेज नियम लागू झाले. त्यांत दागिन्यांविषयी अवघे एक वाक्य होते. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या पुरुष प्रवाशाला २० ग्रॅम आणि स्त्री प्रवाशाला ४० ग्रॅम वजनाचे दागिने शुल्काविना आणता येतील, असे ते वाक्य सांगत असे. मात्र त्याच्या पोटात आणखी दोन आकडे दडलेले होते. २० ग्रॅमना ५०,००० रुपयांची आणि ४० ग्रॅमना १,००,००० रुपयांची मूल्यमर्यादा घातलेली होती. प्रवाशांच्या स्मरणात वजन राहिले, मूल्य राहिले नाही. पुढील दहा वर्षांत विमानतळांवर उद्भवलेल्या असंख्य वादांचे मूळ या एका विस्मरणात होते. या मर्यादा कोठून आल्या, त्या रुपयांत का लिहिल्या गेल्या आणि सोन्याच्या भावाने त्यांचे काय केले, हा स्वातंत्र्योत्तर भारताच्या आर्थिक इतिहासातील एक छोटा पण बोलका अध्याय आहे.

(२)
ब्रिटिश काळात जकातीचा कारभार १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यान्वये चाले. प्रवाशाच्या अंगावरील सोने हा त्या कायद्याच्या दृष्टीने फारसा चिंतेचा विषय नव्हता. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. नव्या राष्ट्राजवळ परकीय चलनाची चणचण होती. धान्य, यंत्रसामग्री आणि तेल यांसाठी लागणारे चलन सोन्याच्या खरेदीत जाऊ नये, या हेतूने १९४७ पासून परवान्याविना सोने आयात करण्यास बंदी घालण्यात आली. मागणी मात्र बंदीने कमी झाली नाही. लग्नसराई थांबली नाही आणि शेतकऱ्याची बचत बँकेत जाऊ लागली नाही. परिणामी लंडनचा भाव आणि मुंबईच्या झवेरी बाजारातील भाव यांत मोठी तफावत पडली. ती तफावत हाच तस्करीचा नफा होता.

(३)
पन्नासच्या दशकात हे सोने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याच्या सीमेवरूनही आत येत असे. गोवा मुक्त झाल्यानंतर, साठच्या दशकात, दुबई हे या व्यापाराचे प्रमुख ठाणे बनले. युरोपातून विमानाने दुबईला आलेले सोने तेथे कायदेशीर माल होते. तेथून ते गलबतांनी अरबी समुद्र ओलांडून मुंबई आणि पश्चिम किनाऱ्याकडे निघाले की तस्करीचा माल ठरे. या व्यापाराचे परिमाण होते दहा तोळ्यांचे बिस्किट. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून एक बिस्किट सुमारे ११६.६ ग्रॅमचे भरे. अनेक कप्पे शिवलेल्या जाकिटांत अशी बिस्किटे भरून ती अंगावर वागवली जात. विमानतळावरील अधिकारी आजही प्रवाशाच्या अंगावरील सोन्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर या काळात घडली.

(४)
कायदाही याच काळात कठोर होत गेला. १९५५ मध्ये जुन्या सागरी कायद्यात एक नवे कलम घालण्यात आले. जप्त केलेले सोने तस्करीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याने ज्याच्याजवळ ते सापडले त्याच्यावर टाकली. पुढे १९६२ चा सीमाशुल्क कायदा आला, तेव्हा हेच तत्त्व त्याच्या कलम १२३ मध्ये कायम राहिले आणि ते आजही आहे. सर्वसाधारण फौजदारी न्यायात आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा लागतो, येथे पुराव्याची दिशा उलटी आहे. सोन्याच्या पाटल्या खरेदी केल्याची पावती प्रवाशाने जवळ बाळगावी, हा सल्ला केवळ व्यवहारी नाही. त्यामागे सत्तर वर्षांचा कायदा उभा आहे.

(५)
जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचा आदेश आणला. चीनबरोबरच्या युद्धाला तेव्हा दोन महिनेच उलटले होते. १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास मनाई झाली. २२ कॅरेटवर हात बसलेल्या सोनारांच्या पेढ्या ओस पडल्या आणि हजारो कारागिरांची उपजीविका गेली. पुढे निर्बंध सैल झाले, तरी १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने नियंत्रणाची चौकट पक्की केली. सामान्य नागरिकाला सोन्याची लगड वा बिस्किट बाळगता येईना आणि दागिन्यांचा साठा ठरावीक प्रमाणापलीकडे गेल्यास तो घोषित करावा लागे. तस्करी मात्र वाढतच गेली. हा कायदा रद्द करण्याचे पाऊल १९९० मध्ये अर्थमंत्री मधु दंडवते यांनी उचलले. ते लोकसभेत कोकणातील राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करीत.

(६)
यानंतरचे वर्ष परकीय चलनाच्या संकटाचे होते. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या साठ्यातील सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून परदेशी पाठवले. सरकारच्या तिजोरीतील सोने बाहेर जात असताना नागरिकांच्या मागणीचे सोने मात्र चोरवाटांनी आत येत होते. १९९२ मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांनी त्या चोरवाटेशेजारी एक उघडा दरवाजा ठेवला. अनिवासी आणि परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून ५ किलोपर्यंत सोने सोबत आणण्याची परवानगी मिळाली. शुल्क परकीय चलनात भरायचे होते. त्यामुळे तस्कराचा नफा सरकारी तिजोरीकडे वळणार होता आणि चलनही देशात येणार होते.

(७)
येथेच एक फरक जन्माला आला आणि प्रवासी तो आजही विसरतात. प्रवाशासाठी सोन्याचे दोन स्वतंत्र दरवाजे आहेत. पहिला सवलतीच्या शुल्काचा. त्यासाठी परदेशात किमान सहा महिने वास्तव्य हवे. त्या काळातील भारतभेटी एकूण ३० दिवसांपेक्षा अधिक नसाव्यात. या दरवाजाने येणाऱ्या सोन्याची कमाल मर्यादा पुढे १ किलोपर्यंत खाली आली. या सोन्यावर शुल्क भरावेच लागते, ते फक्त कमी दराने. दुसरा दरवाजा शुल्कमुक्त दागिन्यांचा. त्यासाठी वास्तव्य एक वर्षाहून अधिक हवे आणि तेथे केवळ दागिने चालतात, नाणी वा बिस्किटे चालत नाहीत. ‘एक किलो सोने आणता येते’ असे ऐकून आलेला प्रवासी बहुधा पहिल्या दरवाजाचे वजन आणि दुसऱ्याची शुल्कमाफी यांची सांगड घालतो. अशी सांगड कोणत्याही नियमात नाही.

(८)
आता शुल्कमुक्त दागिन्यांची मर्यादा पाहू. १९९१ मध्ये ती रुपयांत ठरली होती: पुरुषाला १०,००० रुपये आणि स्त्रीला २०,००० रुपये. तेव्हा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला सुमारे साडेतीन हजार रुपये होता. म्हणजे पुरुषाला २८ ग्रॅमपर्यंत आणि स्त्रीला ५७ ग्रॅमपर्यंत सोने आणता येई. ही उदार मर्यादा होती. पाटल्यांचा एक जोड आणि एक बऱ्यापैकी हार तीत सहज बसे. पण नियमात आकडा लिहिला गेला आणि तेथेच थांबला. बाजारातील भाव थांबला नाही. २०१२ पर्यंत तो दहा ग्रॅमला तीस हजारांच्या आसपास गेला. त्याच १०,००० रुपयांत आता जेमतेम साडेतीन ग्रॅम बसू लागले. एक अंगठी घालून उतरलेला पुरुष मर्यादेच्या काठावर आणि गळ्यात साखळी असलेला तिच्या पलीकडे, अशी स्थिती झाली.

(९)
आखातातून परतणाऱ्यांनी याविरुद्ध सतत तक्रारी केल्या. त्यांत केरळातील लोक होते, तसेच रत्नागिरी आणि रायगडमधील गावांतून कुवेत, मस्कत, दुबईला गेलेले कामगारही होते. २०१३ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी या मर्यादा १९९१ नंतर बदललेल्या नाहीत, भाव चढले आहेत आणि प्रवाशांच्या छळाच्या तक्रारी येत आहेत, हे मान्य केले. मर्यादा पाचपट करून ५०,००० आणि १,००,००० रुपये करण्यात आल्या. पाचपट हा शब्द ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवसाच्या भावाने पुरुषाला सुमारे १७ ग्रॅम आणि स्त्रीला सुमारे ३४ ग्रॅम इतकाच त्याचा अर्थ होता. म्हणजे बावीस वर्षांनंतर वाढवूनही मर्यादा १९९१ च्या पातळीपर्यंत पोहोचली नाही.

(१०)
२०१६ च्या नियमांनी यात वजन आणले, पण रुपयाला निरोप दिला नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या होत्या. त्या वर्षी हे फारसे जाणवले नाही, कारण २२ कॅरेटच्या २० ग्रॅम दागिन्यांची किंमत ५०,००० रुपयांच्या जवळपासच होती. वजनाची आणि मूल्याची रेषा जवळजवळ एकमेकींवर पडत होती. म्हणूनच लोकांनी सोपी रेषा लक्षात ठेवली: पुरुषाला दोन तोळे, बाईला चार तोळे. आजच्या सराफी व्यवहारात तोळा दहा ग्रॅमचा मानला जात असल्याने हे गणित तोंडी बसले. पुढे भाव चढत गेला आणि दोन रेषा एकमेकींपासून दूर सरकल्या. २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा शुद्ध सोन्याच्या हिशेबात ५०,००० रुपये म्हणजे पाच ग्रॅम आणि १,००,००० रुपये म्हणजे दहा ग्रॅम उरले होते. नियमात ४० ग्रॅम लिहिलेले होते, पण त्यांतील ३० ग्रॅम केवळ कागदावर होते.

(११)
हे एका हिशेबातून स्पष्ट होईल. समजा, मस्कतमध्ये तीन वर्षे नोकरी करून एक परिचारिका २०२५ च्या मध्यास मुंबईत उतरली. तिच्याजवळ बरोबर ४० ग्रॅमच्या साध्या, बिनखड्यांच्या पाटल्या आहेत. २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ९,००० रुपये धरला तर त्यांचे मूल्य ३,६०,००० रुपये होते. वजन मर्यादेत आहे, म्हणून तिला वाटते की घोषणा करण्यासारखे काही नाही. परंतु मूल्यमर्यादा १,००,००० रुपयांची आहे. म्हणजे सुमारे ११ ग्रॅम शुल्कमुक्त आणि उरलेल्या २,६०,००० रुपयांच्या सोन्यावर शुल्क देय. तिचे वास्तव्य सहा महिन्यांहून अधिक असल्याने तिला पहिल्या दरवाजाची सवलतही मिळते. जुलै २०२४ मध्ये ठरलेला तो दर ६ टक्के होता. त्यानुसार देय रक्कम १५,६०० रुपये, आणि ती परिवर्तनीय परकीय चलनात भरायची. लाल मार्गाने जाऊन घोषणा केली असती तर प्रकरण येथेच संपले असते.

(१२)
याच पाटल्या सहा दिवस दुबईला फिरून आलेल्या पर्यटक स्त्रीच्या हातात असतील, तर हिशेब अगदी वेगळा होतो. तिचे वास्तव्य एक वर्षाचे नाही, म्हणून दागिन्यांची खास माफी नाही. सहा महिन्यांचेही नाही, म्हणून ६ टक्क्यांचा दर नाही. तिला बॅगेजचा सर्वसाधारण दर लागू होतो. तो त्या काळी अधिभारासह ३८.५ टक्के होता. ३,६०,००० रुपयांवर ही रक्कम १,३८,६०० रुपये होते. दुबईतील स्वस्ताईचा सारा लाभ आणि त्यावर बरेच काही त्यात वाहून जाते. आणखी एक बारकावा खड्यांचा. सवलतीच्या दराच्या तरतुदीत दागिने येतात, पण मोती वा खडे जडवलेले दागिने तीतून वगळलेले आहेत. साध्या पाटल्या आणि मोत्यांची कुडी एकाच डब्यात असल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

(१३)
अंगावर घातलेले दागिने मोजले जात नाहीत, हा दुसरा लोकप्रिय समज. २०१६ च्या नियमांत ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’ या संज्ञेतून दागिने स्पष्ट शब्दांत वगळले होते. त्यामुळे गळ्यातील साखळी पेटीतील साखळीइतकीच मोजणीस पात्र ठरू लागली. न्यायालयांनी यावर वेळोवेळी लगाम घातला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुन्या, १९९८ च्या नियमांखालील एका प्रकरणात पर्यटकाच्या वैयक्तिक दागिन्यांना सरसकट तस्करीचा माल मानण्यास नकार दिला. पुढे दिल्ली उच्च न्यायालयानेही वापरातील दागिने जप्त झालेल्या अनेक प्रवाशांना दिलासा दिला. पण हा दिलासा महिन्यामहिन्यांच्या खटल्यानंतर मिळतो. त्याहून सोपा उपाय जाण्यापूर्वीचा आहे. भारतातून मौल्यवान दागिने घालून निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. त्यात दागिन्यांचे वर्णन, वजन आणि मूल्य नोंदलेले असते. परतताना तो कागद दाखवला की हे दागिने येथूनच गेले होते, हे सिद्ध करण्याचा भार हलका होतो. अनिवासी भारतीयांच्या घरच्या लग्नसोहळ्यांसाठी येणाऱ्या-जाणाऱ्या स्त्रियांना याचा सर्वाधिक उपयोग होतो.

(१४)
घोषणेचे कायदेशीर स्थान काय? १९६२ च्या कायद्यातील कलम ७७ सामानाच्या मालकाने त्यातील वस्तूंची घोषणा करावी, असे सांगते. हिरवा मार्ग ही घोषणेतून सुटका नाही, तीच एक घोषणा आहे: ‘माझ्याकडे शुल्कपात्र वा निषिद्ध काही नाही’. पायांनी केलेले ते विधान असते. ते खोटे ठरले तर माल जप्त होऊ शकतो. तो सोडवायचा तर शुल्काशिवाय सुटकेची रक्कम आणि त्यावर दंड द्यावा लागतो. दंड मालाच्या किमतीपर्यंत जाऊ शकतो. अटी न पाळता आणलेले सोने ‘निषिद्ध’ माल मानले गेले, तर ते सोडवण्याची संधी द्यावी की नाही, हेही अधिकाऱ्याच्या विवेकावर राहते. उलट खरी घोषणा करणाऱ्यासाठी कलम ८० मध्ये एक मार्ग आहे. शुल्क भरायचे नसेल, तर पावती घेऊन माल सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात ठेवता येतो आणि देश सोडताना परत मिळवता येतो. लग्नासाठी दहा दिवस आलेल्या परदेशस्थ पाहुण्यासाठी ही तरतूद मोलाची आहे, पण ती खरे सांगणाऱ्यालाच उपलब्ध आहे.

(१५)
रोख रकमेचा इतिहास सोन्याच्याच समांतर चालला, मात्र तेथे ‘मर्यादा’ या शब्दाचा अर्थ निराळा झाला. १९४७ आणि १९७३ च्या परकीय चलन कायद्यांचा कल बंदीकडे होता. १९९९ च्या कायद्याने व्यवस्थापनाची भाषा आणली. आज भारतात येताना परकीय चलन किती आणावे, यावर कमाल बंधन नाही. मात्र नोटा ५,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्याहून अधिक असतील, किंवा नोटा आणि प्रवासी धनादेश मिळून रक्कम १०,००० डॉलरच्या पुढे जात असेल, तर चलन घोषणापत्र भरावे लागते. म्हणजे ६,००० डॉलरच्या नोटा आणणे हा गुन्हा नाही, त्या न सांगणे हा आहे. भारतीय रुपयाचे गणित याच्या नेमके उलट आहे. २०१४ पासून, नेपाळ आणि भूतान सोडून अन्य देशांतून परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला २५,००० रुपयांपर्यंतच्याच नोटा सोबत आणता येतात. येथे घोषणेचा टप्पा नाही, थेट मर्यादा आहे. परदेशातील घरखर्चासाठी नेलेले रुपये साठवून परत आणणारे प्रवासी डॉलर नीट घोषित करतात आणि रुपयांच्या नोटा मात्र पाकिटात विसरतात.

(१६)
ड्यूटी-फ्री दुकानाने हा गोंधळ आणखी वाढवला. विमानतळावरील असे पहिले दुकान १९४७ मध्ये आयर्लंडमधील शॅनन येथे सुरू झाले. त्यामागील तर्क साधा होता: देश सोडून चाललेल्या प्रवाशाने घेतलेला माल त्या देशात वापरला जाणार नाही, म्हणून त्यावर तेथील कर नको. तो माल प्रवासी जेथे उतरेल तेथील कर माफ होतो, असे त्या पाटीने कधीच म्हटले नव्हते. भारतात आगमन कक्षातही अशी दुकाने आली आणि लोकांचा समज पक्का झाला की तेथील खरेदी सवलतीबाहेरची आहे. प्रत्यक्षात ती प्रवाशाच्या सवलतीतच मोजली जाते. मद्याची मर्यादा माणशी दोन लिटर आहे. दुबईत निघताना घेतलेली एक लिटरची बाटली आणि मुंबईत उतरल्यावर घेतलेल्या दोन, अशा तीन बाटल्या झाल्या तर तिसरी शुल्कपात्र होते. तसेच शंभर सिगारेटींचे. पती-पत्नींच्या सर्वसाधारण सवलती एकत्र करून एकच महाग वस्तू माफ करून घेता येत नाही, हेही नियमात स्पष्ट आहे. सवलत माणसाची असते, कुटुंबाची नव्हे.

(१७)
दागिन्यांचा अध्याय फेब्रुवारी २०२६ मध्ये एका वळणावर आला. नव्या बॅगेज नियमांनी २०१६ चे नियम मागे सारले. विमानाने परतणाऱ्या रहिवाशाची सर्वसाधारण सवलत ५०,००० वरून ७५,००० रुपये झाली. दागिन्यांच्या बाबतीत अधिक मूलभूत बदल झाला. मूल्यमर्यादा काढून टाकण्यात आली आणि केवळ वजन उरले: स्त्री प्रवाशाला ४० ग्रॅम, इतरांना २० ग्रॅम. एक वर्षाहून अधिक वास्तव्याची अट मात्र कायम राहिली. वरच्या हिशेबातील परिचारिका आता त्याच पाटल्या एकही रुपया न भरता आणू शकते. सहा दिवसांच्या पर्यटक स्त्रीच्या वाट्याला ही माफी अजूनही येत नाही.

(१८)
१९९१ पासूनच्या या पस्तीस वर्षांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट उठून दिसते. प्रवाशाने काही वेगळे केले नव्हते. त्याने आई, बायको वा मुलीसाठी तेवढ्याच ग्रॅमचा तोच दागिना आणला. १९९१ मध्ये तो मर्यादेच्या आत होता, २०१२ मध्ये बाहेर, २०१६ मध्ये काठावर, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर आणि २०२६ मध्ये पुन्हा आत. रुपयांत लिहिलेली मर्यादा भावाबरोबर आपोआप आकसत जाते आणि ती आकसल्याची सूचना कोणी देत नाही. वजनात लिहिलेल्या मर्यादेला तो दोष नाही. परंतु सर्वसाधारण सवलतीचे ७५,००० आणि भारतीय नोटांचे २५,००० हे आकडे अजूनही रुपयांतच आहेत. ते ज्या दिवशी लिहिले गेले, त्या दिवसाची किंमत त्यांच्यात गोठलेली आहे. त्यामुळे परतीचे तिकीट काढताना दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितलेला आकडा उपयोगाचा नाही. त्या दिवशी लागू असलेला नियम, वास्तव्याचे मोजलेले दिवस आणि खरेदीची पावती, या तीन गोष्टींवरच लाल आणि हिरव्या मार्गातील निवड ठरते.